हाइड जेकिलचा कोण?

जानेवारी १८८६ मध्ये लंडनच्या लाँगमन्स, ग्रीन या प्रकाशनसंस्थेने एक छोटं पुस्तक काढलं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने ते आदल्या वर्षी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ गावी, आजारपणात लिहिलं होतं. ‘डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड यांचं विलक्षण प्रकरण’ अशा अर्थाचं त्याचं नाव. दहा प्रकरणांच्या या पुस्तकात पहिली आठ प्रकरणं वाचकाला खरी गोष्ट कळतच नाही. एक प्रतिष्ठित डॉक्टर आणि एक हिडीस तरुण यांचं नातं काय, याचा शोध डॉक्टरांचा वकील मित्र अटरसन घेत असतो. हाइडनं डॉक्टरांचं एखादं जुनं गुपित हेरून त्यांना धमकावलं असेल, असा त्याचा अंदाज. दोघं एकच आहेत हे नवव्या प्रकरणात उघड होतं आणि दहाव्यात जेकिल स्वतः त्याचा कबुलीजबाब देतो.

आज ही कोडी सोडवण्याची मजा कुणालाच मिळत नाही. पुस्तक न वाचलेल्यांनाही उत्तर आधीच माहीत असतं: जेकिल म्हणजे सज्जन, हाइड म्हणजे दुर्जन, आणि प्रत्येक माणसात हे दोघं नांदत असतात. कथा-कादंबऱ्यांत एखाद्या पात्राचं प्रतिरूप आलं, हुबेहूब दिसणारा किंवा त्याच्याच अंगातून निघालेला ‘दुसरा’ आला, की त्याचा अर्थ याच एका वाक्यात उरकला जातो. पण हे वाक्य स्टीव्हन्सनच्या पुस्तकावर लावून पाहिलं तर ते बसत नाही. ते का बसत नाही हे नीट पाहिलं, की प्रतिरूपाच्या कुठल्याही कथेबद्दल काही ठामपणे म्हणायचं असेल तर पुरावा कुठे शोधायचा, हेही कळतं.

पहिली जागा अगदी साधी आहे. माणूस दुभंगला, तर कुठल्या भागाकडे काय गेलं?

जेकिल पन्नाशीचा, धिप्पाड, देखणा, पदव्यांची रांग मिरवणारा. हाइड वयानं लहान, बुटका, इतका की जेकिलचे कपडे त्याच्या अंगावर लोंबतात. त्याच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला किळस येते, पण त्याच्यात व्यंग नेमकं कुठलं हे एकालाही सांगता येत नाही. जेकिलचं स्पष्टीकरण असं, की त्याच्या स्वभावातली वाईट बाजू आयुष्यभर कमी वापरली गेल्यामुळे तिला मिळालेलं शरीर लहान आणि कोवळं राहिलं. इथवर चांगलं-वाईट ही वाटणी चालते. मात्र दुसरी बाजू पाहावी. हाइड निव्वळ वाईट आहे, हे जेकिल मान्य करतो. मग उरलेला जेकिल निव्वळ चांगला व्हायला हवा. तसं होत नाही. आपण होतो तसेच भल्याबुऱ्याचं मिश्रण राहिलो, असं तो कबुलीजबाबात स्पष्ट लिहितो. म्हणजे माणूस मधोमध चिरला गेलाच नाही. एका अख्ख्या माणसातून त्याचा एक अर्क तेवढा बाहेर काढला गेला, आणि अख्खा माणूस जागच्या जागी राहिला. व्लादिमीर नाबोकोव्ह अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हे पुस्तक शिकवत असे, तेव्हा त्याचा भर नेमका यावरच असे. विद्यार्थ्यांसाठी तो जेकिलची आकृती काढून दाखवी आणि तिच्या आत हाइड आधीपासूनच मिसळलेला असे.

याहून महत्त्वाचा पुरावा औषधाबद्दलचा आहे. ते पांढऱ्या क्षाराची पूड आणि लालसर द्रव यांचं मिश्रण. फसफसतं, गडद जांभळं होतं, मग फिकट हिरवं. या औषधाला स्वतःची नीती नव्हती, ते ना दैवी होतं ना सैतानी, असं जेकिलच सांगतो. त्यानं कोठडीचं दार तेवढं उघडलं, आणि जे आत टपून बसलं होतं ते बाहेर आलं. त्या क्षणी मनात उदात्त हेतू असता तर बाहेर देवदूतही आला असता, असं त्याचं मत. या एका कबुलीनं हाइडचं सगळं उत्तरदायित्व परत जेकिलकडे येतं. प्रयोग करणाऱ्याच्या मनात काय होतं, तेच हाइडच्या रूपानं उभं राहिलं.

मग त्याच्या मनात होतं तरी काय? जेकिल आपल्या तरुणपणाबद्दल लिहितो तेव्हा भयंकर पापांची यादी देत नाही. मौजमजेची जरा उतावीळ ओढ, एवढाच आपला दोष होता, असं तो म्हणतो. दुसऱ्या कुणी अशा गोष्टी फुशारकीनं सांगितल्या असत्या. पण जेकिलला लोकांसमोर मान ताठ ठेवून वावरायचं होतं, म्हणून त्यानं त्या लपवल्या. दुभंग औषधाच्या कितीतरी आधी इथे सुरू झाला. त्याचं मूळ वासनेपेक्षा लौकिकाच्या हट्टात आहे.

हे पटलं की पुस्तकातल्या एरवी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी एका ओळीत येऊन उभ्या राहतात. हाइड बाहेर पडतो ते रंग उडालेलं, घंटा नसलेलं दार एका गल्लीत आहे, आणि ते जेकिलच्याच घराचं मागचं दार आहे. सोहो भागात हाइडची खोली जेकिलनं सजवली. नोकरांना ताकीद दिली की हाइडला घरात पूर्ण मोकळीक आहे. बँकेत हाइडच्या नावानं खातं उघडलं, आणि स्वतःचंच हस्ताक्षर उलट्या बाजूला कलतं करून त्याला सही मिळवून दिली. अटरसनचा कारकून गेस्ट दोन कागद शेजारी ठेवतो तेव्हा त्याला दिसतं की अक्षरं तीच आहेत, कल तेवढा वेगळा आहे. शेवटी मृत्युपत्र: जेकिल मेला किंवा तीन महिन्यांहून जास्त काळ बेपत्ता झाला, तर सारी मालमत्ता हाइडला मिळावी. अनावर झालेला पशू असा चेकबुक आणि मृत्युपत्र घेऊन फिरत नाही. ही विचारपूर्वक लावलेली व्यवस्था आहे, आणि लावणारा जेकिल आहे. हाइडबद्दल आपल्याला बापाहून अधिक जिव्हाळा होता आणि हाइडला आपल्याबद्दल मुलाहून अधिक बेपर्वाई, असं तो स्वतःच नोंदवतो.

पुरावा शोधायची दुसरी जागा म्हणजे वेळ. प्रतिरूप केव्हा येतं?

सर डॅन्व्हर्स कॅर्यू या वृद्ध गृहस्थाचा हाइड काठीनं ठेचून खून करतो. हादरलेला जेकिल औषध सोडतो. पुढचे दोनेक महिने तो मित्रांत मिसळतो, दानधर्म करतो, सरळ मार्गानं जगतो. मग जानेवारीतल्या एका स्वच्छ दिवशी रीजंट्स पार्कमध्ये बाकावर ऊन खात बसलेला असताना, औषधाचा थेंबही न घेता, त्याचा हाइड होतो. चांगलं-वाईट या हिशेबानं पाहिलं तर ही वेळ चुकीची आहे. तो तर सर्वांत चांगला वागत होता. म्हणून आदल्या क्षणी त्याच्या मनात काय आलं होतं ते पाहावं लागतं. आपण चारचौघांसारखेच आहोत, असा विचार त्यानं केला. मग इतरांशी तुलना केली: ते आळशी आणि बेफिकीर, आपण मात्र परोपकारी. आणि तो मनाशी हसला. त्या आत्मस्तुतीच्या क्षणालाच अंगात कळ उठली, आणि खाली पाहतो तो गुडघ्यावरचा हात केसाळ झालेला. हाइडला हाक गेली ती जेकिलच्या अहंकारातून. पापाची ओढ त्या क्षणी मनात नव्हती, पण पुण्याचा गर्व होता. आपल्या वाचनाला आधार द्यायला याहून नेमका उतारा पुस्तकात दुसरा नाही.

सज्जन आणि दुर्जन ही सोपी वाटणी आली कुठून, याचा माग रंगभूमीवर लागतो. मे १८८७ मध्ये, म्हणजे पुस्तक येऊन दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा, टॉमस रसेल सलिव्हननं केलेलं नाट्यरूपांतर बॉस्टनमध्ये उभं राहिलं. रिचर्ड मॅन्सफिल्ड प्रेक्षकांदेखत जेकिलचा हाइड होई. नाटकाला नायिका हवी म्हणून जेकिलला वाग्दत्त वधू मिळाली, आणि कॅर्यू हा तिचा बाप ठरला. पुस्तकात यातलं काहीच नाही. स्त्रिया तिथे जेमतेम येऊन जातात. पुढे १९२०, १९३१ आणि १९४१ च्या चित्रपटांनी एका बाजूला कुलीन वधू आणि दुसऱ्या बाजूला बदनाम वस्तीतली स्त्री ही जोडी पक्की केली. वाग्दत्त वधूवर प्रेम करणारा जेकिल आपोआपच निर्मळ झाला, आणि हाइड म्हणजे कोंडलेली कामवासना ठरली. स्टीव्हन्सनला हे वाचन पटलं नव्हतं. १८८७ मधल्या एका पत्रात त्यानं आग्रहानं लिहिलं की खोट जेकिलमध्ये होती, आणि ती त्याच्या ढोंगीपणात होती. स्त्रियांच्या आवडीशी तिचा संबंध नाही.

लेखकानं म्हटलं म्हणून वाद संपतो असं मात्र नाही. एलेन शोवॉल्टर या समीक्षिकेनं १९९० मध्ये या पुस्तकाचं वेगळं वाचन मांडलं. १८८५ साली ब्रिटनमध्ये पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना, ते खाजगीत असले तरी, शिक्षा ठोठावणारं कलम कायद्यात आलं, आणि या कलमामुळे खंडणीखोरांचं फावलं. स्टीव्हन्सननं पुस्तक लिहिलं ते त्याच वर्षी. अविवाहित पुरुषांचं वर्तुळ, एका वजनदार डॉक्टरच्या घरी मागच्या दारानं येणारा तरुण, आणि ही खंडणीची भानगड असावी असा मित्रांचा संशय, हे सगळं त्या कायद्याच्या छायेत वाचावं, असं शोवॉल्टर सांगते.

हा युक्तिवाद किती पेलतो? सालं जुळली एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. त्या वर्षी ब्रिटनमध्ये पुष्कळ काही घडलं. पण खंडणीचा संशय पुस्तकात खरोखर आहे. एनफिल्ड त्या दाराच्या घराला त्यावरूनच नाव ठेवतो, आणि तरीही पुढे काही विचारायचं टाळतो. त्यामुळे त्या काळच्या वाचकाला मित्रांच्या मौनाचा हा अर्थ सुचू शकत होता, इथवर म्हणायला भक्कम आधार आहे. हाइड नेमकं काय करतो हे पुस्तक कुठेच सांगत नाही. त्यामुळे जेकिलचं गुपित हेच होतं, असं ठासून म्हणणारा मात्र कथेनं मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा स्वतःच्या पदरचं घालून भरतो. आणि गुपित कुठलंही धरलं, तरी लपवण्याची यंत्रणा तीच राहते. म्हणून यंत्रणेबद्दलचा दावा गुपिताबद्दलच्या दाव्याहून जास्त भार सोसतो.

आता हीच मोजपट्टी दुसऱ्या दोन कथांना लावून पाहू.

एडगर ॲलन पो याची ‘विल्यम विल्सन’ ही कथा १८३९ मधली. विल्सनला शाळेत त्याच्याच नावाचा, त्याच्याच जन्मतारखेचा मुलगा भेटतो. हा दुसरा विल्सन मोठ्यानं बोलूच शकत नाही, कुजबुजतो तेवढा. तो आपली नक्कल करतो हे विल्सनला खुपतं, पण इतर मुलांच्या ते ध्यानातही येत नाही. पुढे ऑक्सफर्डला विल्सन पत्त्यांत लबाडी करून एका श्रीमंत तरुणाला लुबाडतो, तेव्हा हा दुसरा भर बैठकीत येऊन त्याचं पितळ उघडं पाडतो. रोममध्ये एका विवाहितेला नादी लावायला निघालेल्या विल्सनला तो अडवतो आणि विल्सन त्याला भोसकतो. इथे नीतिमान आहे तो ‘दुसरा’, आणि गोष्ट सांगणारा ‘पहिला’ बदमाश. हुबेहूब दिसणारा माणूस म्हणजे आतला दुष्टपणा, हे सूत्र इथे पार उलटं पडतं.

फ्योदोर दस्तयेव्हस्कीची १८४६ मधली ‘द डबल’ ही लघुकादंबरी तिसऱ्याच वाटेनं जाते. गोल्यादकिन हा पीटर्सबर्गच्या सरकारी कचेरीतला कारकून. वरिष्ठाच्या मुलीच्या वाढदिवसाच्या मेजवानीत तो न बोलावता घुसतो आणि अपमानित होऊन बाहेर काढला जातो. त्याच नोव्हेंबरच्या रात्री, ओल्या बर्फाच्या माऱ्यात, फोंटांका नदीच्या काठावर त्याला स्वतःसारखाच माणूस भेटतो. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत समोरच्या टेबलावर नोकरीला हजर. आश्चर्य म्हणजे सहकाऱ्यांना यात फारसं वावगं वाटत नाही.

हा दुसरा गोल्यादकिन दुष्कृत्यं करत सुटत नाही. तो वरिष्ठांना खूश करतो, गोड बोलतो, विनोद करतो, पहिल्यानं केलेल्या कामाचं श्रेय घेतो. गोल्यादकिनला जे जमावं असं वाटत होतं आणि जे त्याला कधीच जमलं नाही, ते सारं याला जमतं. एका उपाहारगृहात गोल्यादकिन एक पॅटिस खातो आणि त्याच्याकडे अकराचे पैसे मागितले जातात. तो चिडून वर पाहतो, तर ज्याला आरसा समजला होता त्या दारात दुसरा उभा आहे, दहावं पॅटिस संपवत. एकाच प्रसंगात सगळी यंत्रणा दिसते: मजा दुसऱ्याची, बिल पहिल्याचं. जेकिलच्या घरी हिशेब नेमका उलटा होता. तिथे खून हाइडच्या नावावर जमा होत होता, आणि अब्रू जेकिलच्या खात्यात शाबूत राहत होती.

तीन कथा, तीन प्रतिरूपं, आणि प्रत्येकाकडे गेलेला ऐवज निराळा. विल्सनच्या प्रतिरूपाकडे त्यानं दडपलेली सदसद्विवेकबुद्धी आहे. गोल्यादकिनच्या प्रतिरूपाकडे, जिथे माणसाची किंमत हुद्द्यावरून ठरते अशा कचेरीत तरून जाण्याचं कसब आहे. हाइडकडे जेकिलकडे नसलेला एकही गुण नाही. त्याला दिलंय ते एक वेगळं नाव, ज्याच्यावर दोष टाकता येतो. ‘दबलेलं नेणीव मन’ हा शब्दप्रयोग तिघांनाही लावता येतो, आणि अडचण तीच आहे. ऑटो रांकनं १९१४ मध्ये प्रतिरूपावर दीर्घ निबंध लिहिला आणि १९१९ मध्ये सिग्मंड फ्रॉइडनं त्याचा धागा पुढे नेला. प्रतिरूप आधी मृत्यूविरुद्धची हमी म्हणून कल्पिलं गेलं आणि नंतर तेच मृत्यूची नांदी ठरलं, हा त्यांचा विचार या कथांतली भीती उलगडायला उपयोगी पडतो. पण गोल्यादकिनला पीटर्सबर्गच्या कचेरीतच का दुभंगावं लागलं, आणि जेकिलला बँकेत वेगळं खातं का लागलं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कथेतल्या टेबलाखुर्च्यांकडे आणि कागदपत्रांकडेच परतावं लागतं.

एक माणूस अनेक नावांनी वावरला म्हणजे तो दुभंगला, असंही नाही. मराठी वाचकाला यासाठी लांब जावं लागत नाही. आचार्य अत्र्यांच्या १९६२ मधल्या ‘तो मी नव्हेच’ नाटकात प्रभाकर पणशीकरांनी रंगवलेला लखोबा लोखंडे निरनिराळी नावं आणि वेश घेऊन लोकांना फसवतो, आणि कोर्टात आपण तो नव्हेच म्हणून साफ कानांवर हात ठेवतो. पण तो स्वतःशी कधीच गोंधळत नाही. खोटं कुणाशी बोलायचं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. जेकिल जगाबरोबर स्वतःलाही फसवतो. दोषी हाइडच आहे, आपलं त्यात काही बिघडलं नाही, अशी मनाची समजूत तो घालतो, आणि शक्य तिथे हाइडनं केलेलं नुकसान भरून काढून आपली सदसद्विवेकबुद्धी झोपवतो. तोतयेपणा आणि दुभंग यांतली सीमारेषा इथे आहे.

पुराव्याची शेवटची जागा सांगणाऱ्याच्या तोंडी असते. कबुलीजबाबात जेकिल कॅर्यूच्या खुनाचं वर्णन करतो तेव्हा ‘मी’ म्हणून करतो; मारताना झालेला आनंदही ‘मी’चा आहे. फाशीचं भय समोर उभं राहतं आणि हाइड रस्त्यांतून लपतछपत फिरू लागतो, तेव्हा मात्र तो लेखणी थांबवून सांगतो, की आता मला ‘मी’ म्हणवत नाही, ‘तो’च म्हणावं लागतं. एकाच कागदावर, एकाच हातानं, सुख प्रथमपुरुषी लिहिलं गेलं आणि शिक्षा तृतीयपुरुषी.

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो. कबुली लिहिणं हीच जेकिलची अखेरची प्रामाणिक कृती आहे. त्यानं सारं उघड केलं, म्हणजे ढोंग संपलं. शिवाय तोवर हाइड खरोखरच त्याच्या ताब्याबाहेर गेलेला आहे. औषधातला मूळ क्षार अशुद्ध होता आणि त्या अज्ञात अशुद्धतेमुळेच ते लागू पडत होतं. नवा साठा कामाचा नाही, आणि जेकिल कायमचा हरवणार आहे. मग ‘तो’ म्हणण्यात पळवाट कसली? या आक्षेपात जोर आहे. पण कबुलीचा शेवट त्याच्या विरोधात जातो. हाइड फाशी जाईल की शेवटच्या क्षणी स्वतःचा जीव घेईल, हे आपल्याला माहीत नाही आणि त्याची पर्वाही नाही, असं जेकिल लिहितो. आपल्या मृत्यूची खरी घटका हीच, आणि यापुढे जे होईल ते दुसऱ्याचं. त्याच्या मृत्युपत्रात मालमत्ता हाइडकडे जायची तरतूद होती, आणि या शेवटच्या कागदात गुन्ह्याची जबाबदारी हाइडकडे जाते. कबुलीनं जेकिल सुटला असं ज्याला म्हणायचं असेल, त्यानं या वाक्याचा अर्थ आधी लावून दाखवायला हवा.